गैरहजर जनरलची कुळकथा

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, आणि जनरल शर्मन आपल्या सेनाधिकाऱ्यांना घेऊन मॅथ्यू ब्रेडीच्या कॅमेऱ्यासमोर बसला. त्या ग्रुप फोटोचे दोन अवतार आज पाहायला मिळतात. एकात सात जण आहेत, दुसऱ्यात आठ. आठवा म्हणजे उजव्या टोकाला बसलेला जनरल फ्रान्सिस ब्लेअर. फोटोच्या वेळी तो हजर नव्हता. त्याला मागाहून बसवलं.

फोटोतल्या लबाडीचा इतिहास सांगणारे हे उदाहरण हमखास देतात. मला हा ब्लेअरवर अन्याय वाटतो. तो शर्मनच्याच सैन्यातल्या सतराव्या कोअरचा सेनापती होता. त्याला वगळलं असतं तर उलट फोटोच अपुरा राहिला असता. ऑफिसच्या निरोप समारंभाला रजेवर असलेल्या शिपायाला फोटोत ‘घालून द्या’ म्हणणाऱ्या हेडक्लार्कची भावना हीच असते.

पण ब्लेअर तिथे खपला कसा? माझ्या मते त्याच्या कोटामुळे. सगळ्यांचे तेच गडद फौजी कोट, त्यावर पितळी बटणांच्या त्याच दोन रांगा. साध्या कपड्यांतल्या आठ माणसांत कापडाचा पोत, इस्त्री, रंगाची छटा, काही ना काही चुगली करतंच. गणवेशात नजर थेट चेहऱ्यावर जाते आणि चेहरे वेगळे असणारच, म्हणून शंका येत नाही.

यावर जाणकार म्हणतील, या युक्तीचा खरा धनी माँट्रिऑलचा विल्यम नॉटमन. १८७० च्या स्केटिंग कार्निव्हलचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. अंधुक उजेडात शेकडो हलत्या माणसांचा फोटो तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर येणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने आधी आराखडा आखला, एकेकाला स्टुडिओत बोलावून ठरल्या पोझमध्ये, ठरल्या मापात टिपलं, छापील आकृत्या कातरून रंगवलेल्या पार्श्वभूमीवर डकवल्या आणि साऱ्याचा पुन्हा फोटो काढला. या शेवटच्या फोटोत कातरलेल्या कडा बऱ्याचशा बुजतात. कारागिरी थोर, प्रश्नच नाही. पण तिथे सगळेच गैरहजर होते! हजर मंडळींत एका गैरहजराला रुजू करणं हे निराळं काम आहे.

गैरहजराला फोटोत बसवण्याच्या आपल्याकडच्या प्रथेचं मूळ मी ब्रेडीकडेही शोधत नाही, नाथद्वाऱ्यात शोधतो. श्रीनाथजींसमोर यजमान कुटुंब हात जोडून उभं असल्याची ‘मनोरथ’ चित्रं तिथले चितारी करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा काही चित्रांत अंग, अंगरखा आणि उपरणं रंगवलेलं, आणि त्यावर यजमानाचा फोटोतून कातरलेला चेहरा चिकटवलेला दिसतो. धड ठराविक, मुंडकं ज्याचं त्याचं. पासपोर्ट फोटोला कॉम्प्युटरवर कोट-टाय चढवून देणारा आपल्या नाक्यावरचा स्टुडिओवाला हेच करतो. चितारी आणि फोटोग्राफर ही आपल्याकडे फार काळ एकाच हाताची कामं होती. फोटो रंगवून देणं हा तर धंदाच होता. तेव्हा ही सवय ब्रशबरोबरच स्टुडिओत आली, असं मी बेधडक म्हणतो. शाळांच्या जुन्या फोटोंत वरच्या कोपऱ्यात लंबगोलात अडकवलेला गैरहजर विद्यार्थी ही शाखा मला वेगळी वाटते. तिथे आलेला नव्हता हे उघड सांगितलेलं असतं.

गणवेश मात्र जसा वाचवतो तसा पकडूनही देतो. समजा, कबड्डी संघाच्या फोटोत ऊन डावीकडून आहे आणि आजारी खेळाडूच्या जुन्या फोटोत उजवीकडून. ऑपरेटर सोपा मार्ग धरतो, फोटो आरशासारखा उलटा करतो. चेहऱ्यावरची सावली जुळते, पण जर्सीवरचा नंबर उलटा होतो. तो दुरुस्त करणं सहज सुचतं. छातीवरचं डावीकडचं बोधचिन्ह उजवीकडे गेलं, हे ध्यानात राहत नाही. ऑफिसच्या शर्टात तर खिसा उजवीकडे जातो आणि बटणपट्टी बायकांच्या शर्टासारखी उलट्या बाजूने लागते. म्हणून उलटं करायचं तर फक्त डोकं करावं, धड शेजाऱ्याचं उसनं घ्यावं. तेही लगतच्या शेजाऱ्याचं नको, नाहीतर बाहीवरची तीच चुणी दोनदा दिसते. डोकं उलटलं की भांगही बाजू बदलतो, आणि तो फोटो पाहणाऱ्या आईच्या लगेच लक्षात येतो.

जागा टोकाची किंवा मागच्या रांगेतली निवडावी. मागे उभ्या माणसाचे पाय झाकलेले असतात, त्यामुळे जमिनीवर सावली पाडायची कटकट उरत नाही. ब्रेडीने टोक पसंत केलं, ते बहुधा तिथे एकाच बाजूला शेजारी असतो आणि एकच कड जुळवावी लागते म्हणून.