‘पेपर संपला’ म्हणणारा पोऱ्या

सकाळी स्टॉलवर जावं आणि पेपरवाल्याने मान हलवून ‘संपला’ म्हणावं, की आपल्याला वाटतं, याला धंदा कळत नाही. रोज गिऱ्हाईक परत जातंय, तर चार अंक जास्त घ्यायला याचं काय जातं?

त्याचं बरंच जातं. किती जातं याचा हिशेब मांडायला अर्थशास्त्रज्ञांना आणि गणितज्ञांना साठेक वर्षं लागली, आणि सुरुवात पेपरच्या गठ्ठ्यापासून झालीच नाही. ती झाली बँकेच्या तिजोरीपासून.

फ्रान्सिस एजवर्थ हा आयर्लंडमध्ये जन्मलेला अर्थशास्त्रज्ञ. १८८८ साली त्याने बँकिंगच्या गणिती सिद्धांतावर एक निबंध लिहिला. बँकेत लोक पैसे ठेवतात, बँक ते कर्जाऊ देते, पण रोज काही लोक पैसे काढायला येतातच. मग तिजोरीत रोकड किती ठेवायची? जास्त ठेवली तर पैसा व्याजाविना पडून राहतो, कमी ठेवली तर खिडकीवर नाचक्की. एजवर्थने ओळखलं की एकेक खातेदार काय करेल ते सांगता येत नसलं, तरी हजारो खातेदारांची मिळून मागणी घंटेच्या आकाराच्या वक्रात बसते. त्या वक्रावरून ‘इतकी रोकड ठेवली तर इतक्या खात्रीने पुरेल’ असं सांगता येतं. यातून एक मजेशीर गोष्टही निघाली. खातेदार चौपट झाले तर सरासरीच्या वर ठेवायची शिल्लक चौपट लागत नाही, दुप्पट पुरते. अर्थात खातेदार आपापल्या मर्जीने येत असतील तरच. अफवा उठून सगळे एकाच दिवशी दारात आले, की हे गणित तिथेच संपतं.

पण खात्री किती हवी? शंभरातले नव्वद दिवस रोकड पुरली की बस, की नव्याण्णव दिवस पुरायला हवी? हा आकडा वक्र सांगत नाही.

तो कुठून आणायचा याचं नेमकं उत्तर १९५१ साली छापून आलं. केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांनी त्या वर्षी साठ्याच्या गणितावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याच वर्षी फिलिप मोर्स आणि जॉर्ज किंबल यांचं पुस्तक सर्वांसाठी खुलं झालं. मोर्स भौतिकशास्त्रज्ञ, किंबल रसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी, जर्मन पाणबुड्या कशा शोधायच्या याची आकडेमोड करणाऱ्या गटात दोघे होते. त्या पुस्तकात पेपर विकणारा एक पोऱ्या आहे, आणि या कोड्याला पुढे त्याचंच नाव पडलं. नंतर ‘पोऱ्या’ जाऊन ‘पेपरविक्रेता’ आला, कारण पेपर काही फक्त पोरंच विकत नाहीत.

पेपरच का? कारण सकाळचा पेपर संध्याकाळी रद्दी असतो. आज उरलेला उद्या विकता येत नाही, आणि कमी पडला तर दहा वाजता नवा मागवता येत नाही. पैज एकदाच लावायची, तीही मागणी कळण्याआधी.

आपण सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. अंक ४ रुपयांना घ्यायचा, ५ ला विकायचा, उरला तर रद्दीत १ रुपया. म्हणजे एक अंक कमी पडला तर १ रुपयाचा नफा बुडतो, एक जास्त झाला तर ३ रुपये जातात. विक्रेत्याच्या वहीनुसार शंभर सकाळींपैकी १० वेळा ४० गिऱ्हाइकं येतात, २० वेळा ४५, ४० वेळा ५०, २० वेळा ५५ आणि १० वेळा ६०. सरासरी ५०. मग ५० अंक घ्यावेत, असंच कोणीही म्हणेल.

पण एकूण गठ्ठ्याचा विचार सोडून फक्त पुढच्या एका अंकाचा करा. एकेचाळिसावा अंक शंभरातल्या ९० सकाळी खपतो. तेव्हा ९० रुपये मिळतात आणि उरलेल्या १० सकाळी ३० रुपये जातात. घ्यावा. पंचेचाळिसाव्यापर्यंत हेच चालतं. शेहेचाळिसावा मात्र ७० सकाळीच खपतो. ७० रुपये येतात, ३० सकाळींचे ९० जातात. नको. थांबायचं ४५ वर.

हीच गोष्ट थोडक्यात अशी. कमी पडण्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, इथे १ भागिले ४, म्हणजे ०.२५. हे निर्णायक गुणोत्तर. मग वही खालून वाचत यायची. ४० अंक १० टक्के सकाळी पुरतात, ४५ अंक ३० टक्के. ज्या संख्येवर आपण पहिल्यांदा २५ टक्क्यांना गाठतो किंवा ओलांडतो, ती घ्यायची. खात्री किती हवी, हा एजवर्थकडे मोकळा राहिलेला आकडा इथे नफा-तोट्यानेच ठरवला.

४५ अंक घेतले तर रोजचा सरासरी नफा ४३ रुपये, ५० घेतले तर ४२. फरक फक्त रुपयाचा, म्हणजे थोडंफार चुकलं तरी आभाळ कोसळत नाही. पण ४५ वर थांबणारा माणूस शंभरातल्या ७० सकाळी कोणाला तरी ‘संपला’ म्हणणार, आणि त्याचा धंदा बरोबर चाललेला असणार.

आता मागणी तीच ठेवा, फक्त करार बदला. उरलेला अंक वितरक पावणेचार रुपयांना परत घेतो. एका उरलेल्या अंकामागे चार आण्यांचं नुकसान. गुणोत्तर १ भागिले सव्वा, म्हणजे ०.८. वहीत ५० अंक ७० टक्के सकाळी पुरतात, ५५ अंक ९० टक्के. उत्तर ५५. एकही गिऱ्हाईक न वाढता स्टॉलवर दहा अंक वाढले. अंक परत घेण्यात वितरकाचा निव्वळ चांगुलपणा असतो, असं मला तरी वाटत नाही.

सूत्र सोपं आहे, तरी माणसाच्या हाताला ते बसत नाही. मॉरिस श्वाइत्झर आणि जेरार्ड काशॉन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून हेच करून घेतलं. मागणी १ ते ३०० मधली कोणतीही, सगळ्यांची शक्यता सारखी, आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं. विक्री १२ ला. खरेदी ३ ला असेल तर योग्य उत्तर २२५, खरेदी ९ ला असेल तर ७५. लोकांनी पहिल्या वेळी फार कमी मागवलं, दुसऱ्या वेळी फार जास्त. दोन्हीकडून ते १५० च्या सरासरीकडे ओढले गेले. डोक्यात प्रश्न ‘किती खपेल?’ हाच राहतो. ‘कोणती चूक महाग?’ हा मागे पडतो.

प्रयोगातल्यांना निदान मागणी ठाऊक होती. आपल्या पेपरवाल्याला ती वहीतूनच कळते, आणि वहीत मागणी नसते, विक्री असते. समजा तो वर्षभर ४५ अंक घेत आलाय. त्याच्या वहीत पन्नास, पंचावन्न, साठ हे आकडे उमटणारच नाहीत. १० सकाळी ४०, बाकी ९० सकाळी ४५, एवढंच दिसेल. उद्या तो परतीचा करार आला, की वही पाहून तो म्हणेल, पंचेचाळिसापेक्षा जास्त गिऱ्हाइकं आहेतच कुठे? आणि ४५ वरच राहील.

ही फसगत ओळखायची खूण एकच. विक्रीचा आकडा पुन्हा पुन्हा खरेदीच्या आकड्याला जाऊन टेकतो. मग खपलेल्या अंकांशेजारी शेवटचा अंक किती वाजता गेला तेही लिहायचं. साडेसातला संपलेले ४५ आणि अकराला संपलेले ४५ ही एकच मागणी नव्हे. आणि अधूनमधून एखादा आठवडा मुद्दाम साठ-पासष्ट अंक घ्यायचे. रद्दी होईल, पैसे जातील, पण ‘संपला’ ऐकून रोज मुकाट्याने वळणारी माणसं किती होती, ते तेव्हाच कळेल.