ड्राइव्हच्या फोल्डरचा ॲक्सेस मागताना मेसेजमध्ये काय लिहायचं?

गुगल ड्राइव्हची लिंक उघडली आणि Request access बटण दिसलं, की बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात. मेसेजचा चौकोन रिकामाच राहतो. मग फोल्डरच्या मालकाला ईमेलमध्ये एक अनोळखी जीमेल पत्ता दिसतो, आणि रिक्वेस्ट तशीच पडून राहते.

मी मोखाडा तालुक्यात सामूहिक वन हक्काच्या दाव्यांचे कागद जमवायला मदत करतो. 2006 च्या कायद्याप्रमाणे गावाची वन हक्क समिती पुरावे तपासते, ग्रामसभा ठराव करते आणि फाइल उपविभागीय समितीकडे जाते. आमचा मोठा फोल्डर जव्हारच्या एका दादांच्या ड्राइव्हवर आहे. त्यात नकाशे आहेत, म्हाताऱ्या माणसांचे जबाब आहेत आणि लोकांच्या आधार कार्डांचे फोटोसुद्धा. वरच्या फोल्डरचा ॲक्सेस मिळाला की सहसा आतलं सगळंच दिसतं. म्हणून नकाशे हवे असतील तर आतल्या फोल्डरची वेगळी लिंक मागायची आणि तिच्यावरूनच रिक्वेस्ट करायची.

मेसेज असा:

> दादा नमस्कार. ‘सीमा नकाशे’ हा आतला फोल्डर फक्त बघायला हवा आहे. आमच्या गावाची उत्तरेची हद्द शेजारच्या गावाच्या नकाशाशी जुळते का, ते ग्रामसभेआधी तपासायचं आहे. 5 ते 12 तारखेपर्यंत पुरे. समितीच्या सचिव ताईंनी हो म्हटलंय, तुम्ही फोन करून खात्री करा.

खाली स्वतःचं नाव आणि गाव लिहा.

इथे ताईंचं नाव मुद्दाम आहे. बटण दादांच्या हातात असलं तरी कागद गावाचे आहेत, त्यामुळे परवानगी समितीचीच लागते. ‘फक्त बघायला’ लिहिलं की दादा Viewer निवडतात. Editor मिळालं तर चुकून नकाशा डिलीटही होऊ शकतो. Viewer ला मात्र डाउनलोड करता येतं, मालकाने ते बंद केलेलं नसेल तर.

तारखेचं जरा नीट समजून घ्या. ऑफिस किंवा कॉलेजच्या काही अकाउंटमध्ये ॲक्सेस आपोआप संपायची तारीख घालता येते. आपल्या साध्या जीमेलमध्ये ती सोय नाही, म्हणजे 12 तारीख उलटली तरी फोल्डर उघडाच राहतो. तुम्ही तुमच्या ड्राइव्हमधून तो काढलात तरी फक्त यादीतून जातो, लिंकवरून पुन्हा उघडतो. त्यामुळे काम झालं की दादांना कळवा. त्यांनी Manage access मध्ये तुमच्या नावावर Remove access करायचं. नंतर लिंक उघडून बघा, Request access परत दिसलं म्हणजे बंद झालं.

परवानगी मिळूनही तेच पान येत असेल तर कोपऱ्यातला प्रोफाइल फोटो बघा. फोनमध्ये दोन जीमेल असतील तर बहुतेक वेळा लिंक दुसऱ्याच अकाउंटमधून उघडलेली असते.