अतिसार नसतानाही आजारी असलेले आतडे : अस्वच्छता आणि बालकांची खुंटलेली उंची

दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची उभ्याने मोजलेली उंची ८१ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांनुसार त्याची वाढ खुंटलेली मानली जाते. या वयाच्या निरोगी मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटीमीटर असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते, म्हणजे जवळजवळ देशाच्या सरासरीइतकेच. अपुरा आहार हे याचे एक कारण आहे; तथापि पुरेसे खाणाऱ्या मुलांचीही वाढ का खुंटते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांचे लक्ष लहान आतड्याकडे वळले.

लहान आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. पचलेल्या अन्नातील पोषकद्रव्ये त्यांच्याद्वारे रक्तात शोषली जातात. जे मूल दररोज मातीतून, पाण्यातून, हातांतून आणि भांड्यांतून विष्ठेतील जंतू गिळत राहते, त्याचे रसांकुर हळूहळू आखूड व बोथट होतात आणि शोषणाचे क्षेत्रफळ घटते. अस्तरातील पेशींमधले घट्ट सांधेही सैल पडतात. जंतू व त्यांचे अंश त्या फटींतून आत शिरतात आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा अखंड जागी राहते. या सौम्य पण सततच्या दाहामुळे वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकांची पातळी खालावते. अन्न कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचा काही भाग जंतूंशी लढण्यात खर्ची पडतो. या अवस्थेला पर्यावरणीय आंत्रविकार असे नाव आहे. तिचे वैशिष्ट्य असे की मूल बाहेरून आजारी दिसत नाही. त्याला ताप नसतो, जुलाबही नसतात.

हा विकार वंशाचा नसून परिसराचा आहे, हे बऱ्याच आधी लक्षात आले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील बेकर आणि मथान यांनी दक्षिण भारतीयांच्या आतड्यांतील असे बदल अभ्यासले. दक्षिण आशियात राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांतही तसेच बदल झाले आणि मायदेशी परतल्यानंतर काही काळाने ते निवळले.

अतिसाराचा वाटा कमी लेखण्याचे कारण नाही. पाच देशांतील नऊ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्या दोन वर्षांतील जुलाबांच्या दर पाच प्रसंगांमागे वाढ खुंटण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एखाद्या प्रसंगात घटलेले वजन मूल काही आठवड्यांत भरून काढते. मात्र पुढचा प्रसंग त्याआधीच आला, तर भरपाईची ती संधी हुकते. तरीही सगळा हिशेब जुलाबांनी जुळत नाही. गाम्बियातील तान्ह्या मुलांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. त्या मुलांना जुलाब होत होते ते एकूण काळाच्या अवघ्या ७ टक्क्यांच्या आसपास. आतड्याचे अस्तर मात्र सुमारे ७५ टक्के काळ वाढीला बाधक ठरेल इतके बिघडलेले होते. वाढीतील घसरणीचा सुमारे ४३ टक्क्यांपर्यंतचा भाग या बिघाडाशी निगडित आढळला. जुलाब तेवढे मोजणारी आरोग्ययंत्रणा उरलेला काळ पाहातच नाही.

गाम्बियात वापरलेली चाचणी तत्त्वतः सोपी आहे. मुलाला लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करांचे द्रावण पाजतात आणि पुढील काही तासांची लघवी गोळा करतात. मॅनिटॉलचा रेणू लहान असतो; निरोगी अस्तर तो सहज शोषते. लॅक्टुलोजचा रेणू मोठा असल्याने तो सैल सांध्यांतूनच आत जाऊ शकतो. लघवीत लॅक्टुलोज वाढले आणि मॅनिटॉल घटले, तर आतडे गळके असून शोषणाचे क्षेत्रही आक्रसले आहे, असा अर्थ निघतो. पण तान्ह्या मुलाची सगळी लघवी पिशवीत जमा करणे किती कठीण असते, हे करून पाहिलेल्यालाच कळते. अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक खात्रीचे. परंतु निरोगी दिसणाऱ्या मुलावर केवळ संशयापोटी दुर्बिणीची तपासणी करणे नैतिकदृष्ट्या योग्य ठरत नाही. परिणामी, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येईल अशी सर्वमान्य चाचणी आजही उपलब्ध नाही.

जीन हम्फ्री यांनी २००९ मध्ये असा विचार मांडला की अस्वच्छतेतून कुपोषणाकडे जाणारा मुख्य मार्ग जुलाबांचा नसून या आंत्रविकाराचा असावा. तसे असेल तर शौचालये बांधल्याने उंची वाढायला हवी. भारतातील दोन प्रयोगांची उत्तरे मात्र परस्परांपासून वेगळी निघाली. महाराष्ट्रात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ६० गावांमध्ये २००४ मध्ये यादृच्छिक निवड करून निम्म्या गावांत स्वच्छता मोहीम राबवण्यात आली. तेथील मुलांच्या उंचीत ०.३ ते ०.४ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही वाढ साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटीमीटर भरते. ओडिशातील पुरी जिल्ह्याच्या १०० गावांत झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मोहिमेच्या गावांतील शौचालय असलेल्या घरांचे सरासरी प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेले. तरीही जुलाब घटले नाहीत आणि उंचीतही फरक पडला नाही.

पुरीतील अपयशाचे एक कारण स्पष्ट आहे. बांधलेली सगळी शौचालये वापरण्याजोगी नव्हती आणि जी होती ती घरातील सर्वजण वापरत नव्हते. गावातील काही कुटुंबे उघड्यावर जात राहिली, तर शेजारच्या अंगणातील मूलही जंतूंच्या संपर्कात राहते. एका घराच्या चार भिंती संसर्ग अडवू शकत नाहीत. लहान मुलांची विष्ठा निरुपद्रवी समजून गटारात किंवा उकिरड्यावर टाकली जाते, तीही यात भर घालते.

मात्र चांगल्या अंमलबजावणीनेही प्रश्न सुटला नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ आणि २०१९ मध्ये आले. शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाण्याचे क्लोरिनीकरण ही सगळी साधने देऊनही मुलांच्या उंचीत वाढ झाली नाही. बांगलादेशात जुलाब घटले, तरी उंची वाढली नाही. पूरक आहाराचा लाभ झाला, पण माफकच.

रांगणारे मूल दिवसभर ज्या जमिनीवर असते, तिच्याकडे या साधनांचा रोख नव्हता. झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात तान्ह्या मुलांचे तासन्‌तास निरीक्षण केले असता काही मुले माती आणि कोंबड्यांची विष्ठा थेट तोंडात घालताना दिसली. एक ग्रॅम कोंबडीच्या विष्ठेत दूषित पाण्याच्या दिवसभराच्या घोटांपेक्षा कित्येक पटींनी अधिक जंतू असू शकतात. माणसांसाठी बांधलेल्या शौचालयाने अंगणातील कोंबड्या, शेळ्या व गुरे यांचा मल अडत नाही.

मेक्सिकोत ‘पीसो फिर्मे’ या सरकारी योजनेखाली गरीब घरांतील मातीच्या जमिनींवर सिमेंट घालण्यात आले. त्या घरांतील लहान मुलांमध्ये परजीवी जंतांचा प्रादुर्भाव, जुलाब आणि रक्तक्षय हे तिन्ही लक्षणीय घटल्याचे आढळले. मुलाच्या हातापायांखालची जमीन बदलणे हा उपाय शौचालय व स्वच्छ पाण्यासोबत भारतीय खेड्यांत राबवला तर आतड्याचे अस्तर किती सावरेल आणि उंचीत किती फरक पडेल, हे मोठ्या प्रमाणावर तपासले जाणे बाकी आहे.