अलेक्झांड्रियातून अलेक्झांड्रियाला

२०२१मध्ये आमच्या इमारतीचा एक मजला सील झाला होता. जिन्यात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि दोन पायऱ्या खाली उतरून थांबायचं. त्या दिवसांत मी डायोनिसिअसची पत्रं वाचली.

हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप. रोमन सम्राट व्हॅलेरियनच्या काळात त्याला हद्दपार केलं होतं. इ. स. २६०च्या सुमारास तो परतला, तर शहरात यादवी पेटलेली आणि जोडीला साथ. वस्त्या एकमेकींपासून तुटल्या होत्या. ईस्टर आला, पण स्वतःच्याच शहरातल्या मंडळींना भेटता येईना, म्हणून त्याने त्यांना पत्रं लिहिली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं एकवेळ सोपं, पण अलेक्झांड्रियातून अलेक्झांड्रियात जाणं अवघड, अशी तक्रार त्याने दुसऱ्या एका बिशपकडे केली आहे.

त्याच पत्रात एक हिशेबही आहे. शहरात सरकारी धान्य मिळणाऱ्यांची नोंद होत असे. आता १४ ते ८० वर्षांच्या सगळ्यांची नावं घातली, तरी पूर्वीच्या फक्त ४० ते ७० वर्षांच्या लोकांइतकी ती भरत नाहीत, असं तो म्हणतो. रेशनच्या यादीवरून मृत्यू मोजायची ही रीत मला फार खरी वाटते.

मंडळींना लिहिलेल्या पत्राचा काही भाग युसेबिअसच्या इतिहासात टिकला आहे. त्यात ‘असं करा’ अशी आज्ञा नाही. कोणी काय केलं ते आहे. आजाऱ्यांजवळ जाऊन बसले, त्यांची सेवा केली, मेलेल्यांचे डोळे मिटले, खांद्यावरून नेलं, अंघोळ घालून कपड्यात गुंडाळलं. आणि हे करणारे पुष्कळ जण लगेच त्याच वाटेने गेले. हे त्याने लपवलेलं नाही. घरी अडकलेल्या माणसाने हे वाचलं, की शेजारचं दार आठवणारच.

औषधपाण्याचा तपशील मात्र त्यात नाही. त्या काळात कार्थेजचा बिशप सिप्रियन साथीची लक्षणं सांगतो: जुलाब, उलट्या, ताप, लाल डोळे. रोग कोणता, ते आजही ठरलेलं नाही. पण जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाला कोणी घोट घोट पाणी पाजलं, पेज भरवली, तर काही जण नक्की वाचतात. एकट्या पडलेल्याला उठून पाणी घेता येत नाही, आणि मग तहानच मारते. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्कने यावरूनच मांडलं, की सेवेमुळे ख्रिस्ती जास्त जगले असावेत. तर्क पटतो, मोजायला आकडे नाहीत.

एका जागी मी अडखळतो. इतरधर्मीयांनी आजारी पडलेल्या आपल्याच माणसांना अर्धमेलं असताना रस्त्यावर टाकलं, असं डायोनिसिअस लिहितो. काहींनी टाकलं असेल. पण सगळ्यांनी? तो आपल्या माणसांना लिहीत होता, आणि बंद वस्त्यांपलीकडे कोणत्या घरात कोण कुणाच्या उशाशी बसलं होतं, हे त्याला तरी कुठून दिसणार होतं?