निदानाची सीमारेषा : आर्. ओ. सी. वक्राचा वैद्यकातील प्रवेश

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोगाच्या सामुदायिक तपासणीसाठी छातीची क्ष-किरण चित्रे मोठ्या प्रमाणावर घेतली जाऊ लागली. लहान फिल्म स्वस्त पडते, मोठी महाग. तेव्हा लहान फिल्मवर रोग कितपत ओळखता येतो, असा व्यवहारी प्रश्न उभा राहिला. त्याच्या निर्णयासाठी बर्केलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा वृत्तांत 1947 साली प्रसिद्ध झाला. 1,256 व्यक्तींची चित्रे चार पद्धतींनी घेण्यात आली आणि ती पाच अनुभवी वाचकांनी स्वतंत्रपणे तपासली. निष्कर्ष मात्र अनपेक्षित निघाला. फिल्मच्या प्रकारांमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा वाचकावाचकांतील फरक अधिक होता. इतकेच नव्हे, तर तेच चित्र पुन्हा वाचताना एकाच वाचकाचे मत बदललेले आढळले. साधनाची परीक्षा करावयास गेले आणि परीक्षा झाली ती परीक्षकांचीच.

त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ याकोब येरुशाल्मी यांनी या मतभेदाचे मोजमाप करण्यासाठी दोन प्रमाणे पुढे मांडली. रोगी व्यक्तींपैकी कसोटी जितक्यांना रोगी म्हणते ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. निरोगी व्यक्तींपैकी जितक्यांना निरोगी म्हणते ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. ‘अचूक निदाने शेकडा किती’ या एकाच आकड्यात लपणाऱ्या दोन भिन्न चुका यामुळे वेगळ्या झाल्या : रोग नजरेतून सुटणे आणि निरोग्यास रोगी ठरविणे. तथापि एक अडचण शिल्लक राहिली. एका वाचकाची संवेदनशीलता अधिक व विशिष्टता कमी, तर दुसऱ्याचे नेमके उलट असेल, तर दोघांपैकी कुशल कोण? पहिल्याची दृष्टी तीक्ष्ण असेल, किंवा तो केवळ अधिक शंकेखोर असेल. दोन आकड्यांच्या एका जोडीवरून हा निवाडा होऊ शकत नाही.

तो करण्याचे साधन वैद्यकाबाहेर तयार झाले. रडारच्या ग्राहकयंत्रावर येणारा संकेत खरा की नुसता गोंगाट, हे ठरविण्याचा प्रश्न अभियंत्यांपुढे होता. 1954 साली मिशिगन विद्यापीठातील पीटरसन, बर्डसॉल व फॉक्स यांनी संकेतांच्या ओळखीचा सिद्धान्त मांडला. त्यात ग्राहकाची पारख-शक्ती आणि ‘संकेत आहे’ असे म्हणण्यासाठी त्याने स्वीकारलेली सीमारेषा या दोन गोष्टी स्वतंत्र मानल्या होत्या. सीमारेषा खाली आणली की खरे होकार वाढतात आणि खोटे होकारही वाढतात. आडव्या अक्षावर खोट्या होकारांचे व उभ्या अक्षावर खऱ्या होकारांचे प्रमाण मांडले असता या सर्व जोड्यांचा जो वक्र तयार होतो, तोच ‘रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक’, म्हणजे आर्. ओ. सी. वक्र. त्याच वर्षी टॅनर व स्वेट्स यांनी हाच विचार मानवी दृष्टीला लावला. पुढे 1960 साली ली लस्टेड या क्ष-किरणतज्ज्ञाने छातीच्या चित्रांच्या वाचनाविषयीचे पूर्वीचे आकडे आलेखावर मांडून दाखविले, की सुटलेले रोगी कमी झाले तर खोटे होकार वाढतात आणि ही देवघेव एका वक्राच्या अनुरोधाने होते. वाचकांतील मतभेदांचा काही भाग कौशल्याचा नसून सीमारेषेचा होता, हे त्यातून सूचित झाले. दोन वाचकांचे बिंदू एकाच वक्रावर असतील, तर त्यांची पारख सारखीच. एकाचा बिंदू दुसऱ्याच्या वक्राच्या वर व डावीकडे असेल, तरच त्याचे कौशल्य अधिक.

या वक्राचे वाचन कसे करावे, हे हॅन्ली व मॅकनील यांनी 1982 साली दिलेल्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 109 सी. टी. चित्रे एका वाचकाने पाहिली. त्यांपैकी 58 व्यक्ती प्रत्यक्षात निरोगी व 51 रोगी होत्या. वाचकाने होय-नाही असे उत्तर न देता 1 म्हणजे ‘निश्चित निरोगी’ येथपासून 5 म्हणजे ‘निश्चित रोगी’ येथपर्यंत श्रेणी दिली. या श्रेणींत रोग्यांची संख्या अनुक्रमे 3, 2, 2, 11 व 33, तर निरोग्यांची 33, 6, 6, 11 व 2 अशी होती.

केवळ पाचव्या श्रेणीलाच रोग मानले, तर 51 पैकी 33 रोगी सापडतात, संवेदनशीलता 0.65 होते. 58 निरोग्यांपैकी 2 चुकीने रोगी ठरतात, म्हणून विशिष्टता 0.97. सीमारेषा चौथ्या श्रेणीपर्यंत खाली आणली, तर 44 रोगी सापडतात, परंतु 13 निरोगी जाळ्यात येतात, संवेदनशीलता 0.86, विशिष्टता 0.78. तिसऱ्या श्रेणीशी हे आकडे 0.90 व 0.67 होतात. या देवघेवीचा भाव सर्वत्र सारखा नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पाचवरून चारवर येताना 11 रोगी अधिक मिळतात व 11 निरोगी अधिक गोवले जातात. चारवरून तीनवर येताना मात्र 2 रोग्यांसाठी 6 निरोगी द्यावे लागतात. वक्र वर चढताना सपाट होत जातो याचा अर्थ हाच, की प्रत्येक नव्या रोग्याची किंमत वाढत जाते.

वक्राखालील क्षेत्रफळ हे मात्र कोणत्याही एका सीमारेषेचे माप नव्हे. एक रोगी व एक निरोगी अशी जोडी यदृच्छया निवडली, तर रोग्याला अधिक श्रेणी मिळण्याची संभाव्यता म्हणजे हे क्षेत्रफळ. वरील उदाहरणात 51 गुणिले 58 म्हणजे 2,958 जोड्या होतात. त्यांपैकी 2,487 जोड्यांत रोग्याची श्रेणी वरची आहे आणि 310 जोड्यांत दोघांची समान आहे. समान जोड्या अर्ध्या धरल्या, की 2,642 भागिले 2,958, म्हणजे 0.893 हे उत्तर मिळते. नाणे उडवून निर्णय करणाऱ्याचे क्षेत्रफळ 0.5, निर्दोष वाचकाचे 1.

याच अर्थात क्षेत्रफळाची मर्यादाही दडलेली आहे. जोडीत रोगी व निरोगी समसमान असतात. तपासणी-केंद्रात तसे नसते. हजार व्यक्तींत 10 रोगी असलेल्या समुदायात हाच वाचक बसविला आणि त्याची संवेदनशीलता व विशिष्टता बदलली नाही असे मानले, तर पाचव्या श्रेणीच्या रेषेने सुमारे 6 किंवा 7 रोगी सापडतील व सुमारे 34 निरोग्यांना पुढील तपासणीस जावे लागेल. रेषा चौथ्या श्रेणीवर आणली, तर आणखी सुमारे 2 रोगी मिळतील, पण त्यांच्यासाठी आणखी सुमारे 188 निरोग्यांना रोगाच्या भीतीतून जावे लागेल. रुग्णालयात 11 ला 11 असलेला भाव येथे 2 ला 188 झाला. क्षेत्रफळ मात्र 0.893 च राहिले. शिवाय ते गृहीतकही सहसा टिकत नाही. रॅन्सोहॉफ व फाइनस्टाइन यांनी 1978 साली दाखविल्याप्रमाणे, उघड रोगी व ठणठणीत निरोगी यांच्यावर पारखलेली कसोटी संशयास्पद रुग्णांवर फिकी पडते. दोन वक्र एकमेकांना छेदत असतील, तर क्षेत्रफळे समान असूनही एक वक्र खोटे होकार टाळण्याच्या प्रदेशात सरस व दुसरा रोगी न सोडण्याच्या प्रदेशात सरस असू शकतो.

यास्तव 1947 सालच्या वाचकांना विचारावयाचे प्रश्न दोन होते. त्यांची पारख किती, याचे उत्तर वक्र देतो. सीमारेषा कोठे असावी, याचे उत्तर वक्रात नसते. सुटलेल्या क्षयरोग्यामुळे घरात पसरणारा संसर्ग आणि निरोग्याच्या वाट्याला येणारी निष्कारण चिकित्सा यांचे तारतम्य, तसेच समुदायातील रोगाचे प्रमाण, यांवरच ती आखावी लागते. हा निर्णय वाचकाच्या स्वभावावर सोडला, तर तो घेतला जातोच. फक्त तो कोणी व का घेतला, हे कोणास कळत नाही.