अंतर एकाचे, तक्ता दुसऱ्यांचा

शहादा तालुक्यातल्या ‘लोणखेडा’ या गावाचे नाव कानाने ऐकून लिहिणारा सहज ‘लोनखेड’ लिहून जातो, कारण खान्देशी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. गाव तेच आहे हे माणसाला कळते, यंत्राला मात्र दोन नावांमधले अंतर मोजून द्यावे लागते. अक्षर घालणे, गाळणे किंवा बदलणे, अशा कमीत कमी किती कृतींनी एका शब्दाचा दुसरा होतो, तेवढे ते अंतर.

व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली एका निबंधात ही कल्पना मांडली. त्याला शुद्धलेखनाशी कर्तव्य नव्हते. संदेश जाताना अंक गळले, वाढले किंवा उलटले, तरी दुरुस्त करता येतील अशा सांकेतिक रचना तो शोधत होता. अंतर काढायचा तक्ता त्या निबंधात नाही.

तो तक्ता असा:

```
      –  लो  न  खे  ड
–     0   1  2   3  4
लो    1   0  1   2  3
ण     2   1  1   2  3
खे    3   2  2   1  2
डा    4   3  3   2  2
```

पहिली ओळ आणि पहिला स्तंभ ० पासून क्रमाने भरायचा. पुढे अक्षरे जुळली तर तिरक्या घरातला आकडा तसाच उतरवायचा. नाही जुळली तर वरचे, डावीकडचे आणि तिरके, या तिन्हींतला सर्वांत लहान आकडा घेऊन त्यात १ मिळवायचा. उत्तर खालच्या उजव्या कोपऱ्यात मिळते: २.

पण नुसत्या दोनवरून चूक कुठे झाली ते कळत नाही. त्यासाठी कोपऱ्यातून उलटे चालायचे आणि हा आकडा कुठल्या घरातून आला ते पाहायचे. २ आला तिरक्या १ वरून, म्हणजे ‘डा’चा ‘ड’ झाला. ‘खे’ जुळले. मग १ आला तिरक्या ० वरून, म्हणजे ‘ण’चा ‘न’. ‘लो’ जुळले. इथे वाट एकच निघाली. अनेकदा सारख्याच लांबीच्या दोन-तीन वाटा निघतात आणि कोणती खरी, हे तक्ता सांगत नाही.

देवनागरीत एक सावधगिरी हवी. संगणक काना वेगळे चिन्ह म्हणून साठवतो. तसे मोजले तर अंतर २च राहते, पण दुसरी कृती ‘काना गाळला’ अशी होते. माझ्या मते गावांच्या नावांसाठी हेच वाचन खरे, कारण लिहिणाऱ्याकडून सुटतो तो काना.

तक्ता अनेकांना स्वतंत्रपणे सापडला: १९६८ साली कीव्हच्या विंत्स्युकना उच्चार ओळखताना, १९७० साली नीडलमन आणि वुन्शना प्रथिने जुळवताना. शब्ददुरुस्तीसाठी तो वॅगनर आणि फिशर यांनी १९७४ साली मांडला. नुसता आकडा हवा असेल तर दोन ओळी जवळ ठेवल्या तरी पुरतात; मात्र उलटे चालायला सगळा तक्ता लागतो. थोड्या जागेत ती वाटही परत मिळवण्याची युक्ती हिर्शबर्गने १९७५ साली दिली, आणि लांबलचक मजकूर जुळवायला ती आजही वापरतात.