८० बाइटांची सही ते १२८ बाइटांचा चेहरा

क्रेडिट कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर माणसाची सही मावेल का? १९९३ साली बेल लॅब्जमध्ये जेन ब्रॉम्ली, यान लकून आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच कोडं सोडवत बसले होते. सहीच्या खुणांसाठी जागा होती फक्त ८० बाइट. चित्र ठेवणं अशक्यच. म्हणून त्यांनी एकाच नेटवर्कच्या दोन जुळ्या प्रती केल्या आणि दोघींना एकेक सही दिली. सह्या एकाच माणसाच्या असतील तर बाहेर पडणारे आकडे जवळ यावेत, एक बनावट असेल तर लांब जावेत, असं शिकवलं. नाव ठेवलं सयामी नेटवर्क. आज आपण ज्याला एम्बेडिंग म्हणतो ते हेच: मूळ वस्तू बाजूला ठेवा, तिच्या जागी थोडेसे आकडे ठेवा आणि सारखेपणा म्हणजे त्या आकड्यांमधलं अंतर समजा.

लकून यांच्याच गटाने २००५-०६ मध्ये याला नीट सूत्रात बसवलं, तो कॉन्ट्रास्टिव्ह लॉस. सारखी जोडी असेल तर अंतर शून्याकडे ओढा; वेगळी असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत ढकला, त्यापलीकडे गेली की सोडून द्या. यातली अडचण अशी की सारख्या वस्तूंना ते अगदी एका बिंदूवर आणू पाहतं. दाढीवाला फोटो आणि शाळेतला फोटो एकाच माणसाचे असले तरी ते शून्य अंतरावर यावेत हा जरा हट्टच झाला, नाही का?

ट्रिप्लेट लॉसने हा हट्ट सोडला. गूगलच्या श्रॉफ, कॅलेनिचेन्को आणि फिल्बिन यांचा २०१५ चा फेसनेट हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तीन फोटो घ्यायचे: एक मूळ, एक त्याच माणसाचा, एक परक्याचा. अट एवढीच की आपला माणूस परक्यापेक्षा जवळ हवा, आणि तोही निदान ०.२ ने (अंतरांचा वर्ग धरून).

```
loss = max(0, d_ap - d_an + 0.2)
```

समजा आपला ०.५ वर आहे. परका ०.९ वर असेल तर लॉस शून्य, म्हणजे शिकण्यासारखं काही नाही. परका ०.६ वर असेल तर लॉस ०.१. आणि ०.३ वर असेल, म्हणजे आपल्याहूनही जवळ, तर ०.४.

आता हिशोब बघा. हजार माणसं, प्रत्येकाचे ४० फोटो. तिघांचे गट होतात सहा हजार कोटींहून जास्त! आणि मॉडेल जरा शिकलं की त्यातले बहुतेक पहिल्या प्रकारचे, फुकट. साहजिकच वाटतं, सगळ्यात अवघड परकेच निवडू. इथेच गाडी रुळावरून घसरते. परका मूळ फोटोला जवळजवळ चिकटलेला असेल तर त्याला दूर ढकलणारा जोर त्या अंतराच्याच प्रमाणात, म्हणजे नगण्य; आपल्याला ओढणारा जोर मात्र भरपूर. ओढणं चालू, ढकलणं बंद. हळूहळू सगळी दुनिया एका बिंदूवर गोळा होते. शिवाय सगळ्यात अवघड फोटो हे बरेचदा चुकीचं नाव लागलेले किंवा धूसर असतात, ते वेगळंच.

हे ओळखायचं कसं? सगळी अंतरं शून्य झाली की लॉस बरोबर ०.२ उरतो. आलेख ०.२ वर येऊन आडवा पडला तर "अजून थोडं ट्रेन करू" म्हणू नका. कुठल्याही दोन अनोळखी फोटोंमधलं अंतर मोजा, लगेच कळेल.

फेसनेटवाल्यांनी मधला मार्ग काढला: परका आपल्याहून लांबच हवा, पण ०.२ च्या आत, म्हणजे वरचा ०.६ वाला. याला सेमी-हार्ड म्हणतात. तो शोधायला एका वेळी सुमारे १,८०० फोटोंची बॅच घेतली, त्यात दर माणसाचे चाळीसेक. निकाल: एलएफडब्ल्यू या चाचणीसंचावर ९९.६३ टक्के, आणि प्रत्येक चेहरा १२८ आकड्यांत, अचूकता न गमावता १२८ बाइटांत. बावीस वर्षांत ८० चे १२८ झाले, बस्स!

असो. पुढे ही निवडानिवड बरीच कमी झाली. २०२० च्या सिमसीएलआरमध्ये एका परक्याऐवजी बॅचमधले सगळेच परके एकदम मोजतात आणि जो जास्त जवळ त्याचं वजन आपोआप वाढतं. बॅच साधारणपणे ४,०९६ ची. तिथे नावंही नसतात. एकाच फोटोच्या दोन कापलेल्या, रंग बदललेल्या प्रती म्हणजे आपले, बाकी सगळे परके. त्यामुळे एकाच बॅचमध्ये दोन वेगळ्या मांजरांचे फोटो आले, तर बिचारी मांजरं एकमेकांपासून ढकलली जातात.